सगळं कडीच्या बाजूला : दारातला बसका रॅक, तोरण आणि रांगोळीचा कडप्पा, पाडवा ते दिवाळी वापरून

पाडव्याच्या आधी बसवलेली ही मांडणी आहे. मधे पूर्ण पावसाळा, गणपती, नवरात्र आणि दिवाळी झाली, त्यामुळे काय टिकतं आणि काय नुसतं पहिल्या दिवशी छान दिसतं ते आता सांगता येईल. घर सोसायटीतला नेहमीचा फ्लॅट. साडेतीन फुटी लाकडी दार आत उघडतं, त्याच्या बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर आहे आणि ते बाहेर उघडतं. आतला पॅसेज साधारण साडेचार फूट रुंद आहे.

बहुतेक घरांत सजावट दार बंद असताना ठरवली जाते. बंद दारापुढे रांगोळी, दोन पणत्या, वर तोरण, सगळं मधोमध. मग बेल वाजते, सेफ्टी डोअर बाहेर ढकललं जातं, पणत्या त्याच्या खाली येतात आणि तोरण त्याच्या वरच्या कडेला घासतं. पाहुणे एक पाय रांगोळीपलीकडे टाकून, दुसऱ्या पायावर तोल सांभाळत चपला काढतात. म्हणून इथे आधी दोन्ही दारं किती जागा घेतात ते खडूने जमिनीवर आखलं आणि दाराचं पान जिथे कधीच येत नाही ती जागा सजावटीला दिली. ती जागा कडीच्या बाजूला मिळते, आत आणि बाहेरही. बिजागरीच्या बाजूला दार उघडून भिंतीला टेकतं, तिथे काहीही ठेवू नका, अगदी फुलदाणीसुद्धा.

आत कडीच्या बाजूच्या भिंतीला सुताराकडून बसका रॅक करून घेतला आहे. लांबी ४ फूट, खोली १४ इंच, उंची १७ इंच. या उंचीवर माणूस खुर्चीवर बसल्यासारखा बसतो, गुडघ्यांवर फार जोर येत नाही. ज्येष्ठांना उठताना आधार लागतो, म्हणून दाराकडच्या टोकाला भिंतीवर एक स्टीलचा दांडा आहे, त्याच्या प्लेटा चार-चार स्क्रूंनी आवळलेल्या. तो लोक खरंच वापरतात, सजावटीपेक्षा जास्त.

रॅकची खालची ७ इंच जागा उघडी आहे, वरचा साडेआठ इंचांचा कप्पा शटरचा. आतली खोली सुमारे १३ इंच भरते, त्यात दहा नंबरचा बूट सरळ बसतो. मोठ्या माणसाच्या एका जोडीला रुंदीत ९ इंच धरा, म्हणजे ४ फुटांत पाच जोड. वरच्या कप्प्याच्या अर्ध्या भागात आडवी फळी टाकली तर चपट्या चपलांचे दोन थर होतात आणि एकूण सात-आठ जोड मावतात. चार माणसांच्या घराला हे कमी आहे. रोजचे सोडून बाकीचे बूट खोक्यात भरून माळ्यावर टाकायची तयारी नसेल तर हा रॅक तुमचा नाही. खालची उघडी जागा घरच्यांसाठी नाहीच, ती येणाऱ्यांची. हा नियम पाळला की दार उघडताच चपलांचा ढीग दिसत नाही, आणि निम्मी शोभा तिथेच येते.

प्लाय कोणता, यावर दुकानात बरीच भुरळ घालतात. दारातला रॅक ओल्या चपला झेलतो, तेव्हा आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या. एमआर ग्रेडचा प्लाय कोरड्या खोलीतल्या कपाटाला चालतो, इथे खालच्या कडा फुगतात. पार्टिकल बोर्डची गत त्याहून वाईट, एकदा फुगला की स्क्रूही धरत नाही. फुगण्याची सुरुवात कळते ती कडेच्या पट्टीवरून. कोपऱ्याशी नखाने दाबा, पट्टी किंचित हलली तर आत पाणी गेलंय. तळ जमिनीवर टेकवू नका. पीव्हीसीचे इंचभर उंचीचे पाय लावले की फरशी पुसताना पाणी तळाला लागत नाही.

शटर सपाट करायचं सुताराचं म्हणणं होतं, पण झडपांचं घेतलं ते बरं झालं. मागच्या फळीत आणि भिंतीत अर्धा इंच फटही ठेवली आहे. पावसाळ्यात बंद कप्प्यात दमट बूट गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी चामड्यावर पांढरी बुरशी दिसते, आणि नंतरचा वास अत्तराने झाकत नाही, उलट दोन्ही मिळून असह्य होतात. ओली चप्पल आधी खालच्या उघड्या जागेत ट्रेवर निथळू द्यायची, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि कोरडं झाल्यावरच वर ठेवायचं. ऐन गणपतीत बाहेर काथ्याचं पायपुसणं आणि आत सुती, अशी जोडी लागते. काथ्या चिखल खरवडतो पण पाणी फारसं शोषत नाही, एकट्याने काम होत नाही.

तोरणाचं गणित सेफ्टी डोअरमुळे बदलतं. चौकटीवर टांगलं तर बाहेर उघडणारं दार पानं ओढून नेतं. इथे चौकटीच्या वर ९ इंचांवर भिंतीत भोकं पाडून प्लग आणि हूक बसवले आहेत. आंब्याचं पान घडी घालून ७ इंच लोंबतं, दोरीला थोडा झोळ येतो, आणि पानाची टोकं दाराच्या वरच्या कडेच्या जराशी वर राहतात. चिकटणारे हूक यासाठी घेऊ नका. ओल्या तोरणाचं वजन आणि डिस्टेंपरची भिंत यांचं जमत नाही, रंगाच्या पापुद्र्यासकट सगळं खाली येतं.

साडेतीन फुटी दाराला दोन इंचांवर एक पान धरलं तर एकवीस पानं बसतात. जून, गर्द हिरवी पानं घ्या. कोवळी तांबूस पानं सुंदर दिसतात पण दुपारपर्यंत मान टाकतात. पानं तासभर पाण्यात ठेवून नीट पुसायची, मग ओवायची. झेंडूचं फूल देठाकडून मधोमध ओवावं. पाकळ्यांतून सुई घातली की संध्याकाळी पाकळ्या गळतात, आणि पायाखाली चुरडलेला ओला झेंडू फिक्या टाइलवर पिवळा डाग पाडतो. दोरी नायलॉनची ठेवली तर तीच पुन्हा वापरता येते. दसऱ्याचं तोरण दिवाळीपर्यंत ठेवण्याचा मोह टाळा. वाळून गुंडाळलेली पानं उदास दिसतात आणि खाली पणती असेल तर धोक्याची असतात. कापडी तोरण बाकीच्या दिवसांना ठीक, पण घुंगरांचं घेऊ नका, लिफ्टकडून येणाऱ्या झोताने रात्रीही वाजत राहतं.

या सगळ्यात सर्वात चांगलं काय निघालं विचाराल तर रांगोळीचा कडप्पा. दीड फूट चौरस, कडा घासून गोल केलेला, जाडी पाऊण इंचाच्या आत-बाहेर. वजन दहा किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे पाय लागला तरी सरकत नाही. खाली रबराचे चार तुकडे चिकटवले आहेत. तो बाहेर, कडीच्या बाजूला, भिंतीला लागून ठेवायचा. वाटेत ठेवलात तर तीच ठेच. वर गेरूचा हात द्यायचा, गेरूत चमचाभर फेव्हिकॉल कालवला तर हाताला लागत नाही. व्हिट्रिफाइड टाइलवर थेट गेरू सारवणाऱ्यांना सांधे लाल झाल्याशिवाय हे पटत नाही. गुळगुळीत टाइलवर रांगोळी बोटातून पडते तशी थांबतही नाही, पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा पसरते. गेरूच्या खरखरीत पृष्ठावर ती धरून राहते, ठिपके जागचे हलत नाहीत. गेरू पूर्ण वाळू द्या मात्र. ओलसर असताना रेघ ओढली तर पांढरा रंग तांबूस पडतो.

लक्ष्मीची पावलं उंबऱ्यावर स्टिकरने लावायची पद्धत आता सर्रास आहे. फरशी पुसताना आठवड्यात कडा उचलतात, शिवाय येणारा प्रत्येक जण त्यावर पाय देतो. उंबऱ्याच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं आणि कडप्प्यापासून दाराकडे वळणारी रांगोळीची छोटी पावलं, एवढं पुरतं.

पणत्या जमिनीवर नाहीत. आत रॅकच्या वर, दारापासून लांबच्या टोकाला पितळी परातीत. तिथे साडीचा पदर किंवा ओढणी पोचत नाही, आणि वर तोरणही नाही. कोणी बसणार असेल तेव्हा परात उचलून आत न्यायची. नवी पणती दोन-तीन तास पाण्यात भिजवली की तेल कमी पिते, पण पाझरते थोडीशी तरीही, म्हणून परात. फरशीवर सांडलेलं तेल आणि अनवाणी पाय हा प्रकार दारात नको.

उजेडासाठी रॅकच्या खालच्या उघड्या जागेत वॉर्म व्हाइट एलईडी पट्टी आहे, ३००० केल्व्हिनची. पांढरीफटक ६५०० ची लावली तर झेंडू आणि गेरू दोन्ही फिके दिसतात. सेन्सर लावताना एक बघा: तो समोरून येणाऱ्यापेक्षा आडवं जाणाऱ्याला लवकर टिपतो. दाराकडे तोंड करून लावला तर पाहुणा अगदी जवळ आल्यावर दिवा लागतो. बाजूच्या भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला लावला की दार उघडताच लागतो. मे महिन्यात तो जरा आळशी होतो, कारण हवा आणि अंगाची उष्णता यांत फरक कमी राहतो. बिघडला म्हणून बदलू नका.

हळदीकुंकवाला किंवा आरतीला पंधरा जण येणार असतील तर हिशोब असा. पाच जोड रॅकखाली. बाहेर कडप्प्याच्या पुढे, त्याच भिंतीला लागून ४ बाय २ फुटांची चटई, तिच्यावर दोन ओळींत दहा जोड. चटई नसेल तर लोक चपला दारातच सोडतात, असली की आपोआप ओळ लागते, सांगावं लागत नाही. शेवटचा पाहुणा गेला की चटई आत. लॉबी ही आग लागली तर बाहेर पडायची वाट आहे, तिथे कायमचा रॅक ठेवायला सोसायटीने हरकत घेतली तर ती योग्यच असते. कडप्पाही त्याच कारणाने सणापुरता बाहेर, एरवी आत रॅकशेजारी उभा.

पॅसेज साडेतीन फुटांहून अरुंद असेल तर १४ इंची रॅक करू नका, दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. तिथे सात ते नऊ इंच खोलीचा, पुढे झुकणाऱ्या कप्प्यांचा उभा रॅक बरा. तो भिंतीला स्क्रूने बांधा, सगळे कप्पे एकदम उघडले तर पुढे कलंडतो. जाड स्पोर्ट्स शूज त्यात अडतात आणि बसायला जागा मिळत नाही, तेव्हा शेजारी १७ इंची स्टूल ठेवा. तेही कडीच्या बाजूला.