सात महिने व्हीपीएन वापरल्यावर: गेमचं लॉगिन अडत होतं ते कशामुळे

ठाणे स्टेशनजवळच्या कॅफेत बसून काम करावं लागतं, तिथल्या उघड्या वाय-फायसाठी मी हे पैसे भरून घेतलेलं व्हीपीएन घेतलं. त्या कामाला ते उत्तम आहे, कधीच दगा दिला नाही. त्रास झाला तो घरी, ऐरोलीत, रात्री गेम उघडताना.

लॉगिन कधी व्हायचं, कधी नुसतं गोल फिरत राहून एरर यायची. झालंच तर वीस-पंचवीस मिनिटांत डिस्कनेक्ट. मी इंटरनेटवाल्याला दोष दिला, त्याने येऊन केबलही बदलली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून पाहिला तरी तेच, म्हणून वाटलं गेमचाच सर्व्हर बिघडलाय. पण हॉटस्पॉटची ती चाचणी फोल होती. व्हीपीएन लॅपटॉपवर चालू होतं, त्यामुळे लाइन कुठलीही घेतली तरी गेमच्या सर्व्हरला व्हीपीएनचाच आयपी दिसत होता. तो आयपी शेकडो लोक एकाच वेळी वापरतात आणि असे पत्ते लॉगिन सर्व्हर बऱ्याचदा अडवतात.

खरं कळलं ते भाच्यामुळे. त्याने त्याच वाय-फायवर, माझ्याच अकाउंटने, फोनवर गेम पटकन उघडला.

मग व्हीपीएन बंद करून पाहिलं, आणि इथेच मी फसलो. विंडोची फुली दाबली म्हणजे ते बंद होत नाही. घड्याळाशेजारचा आयकॉन तसाच होता, आणि ब्राउझरमध्ये आयपी तपासला तर सिंगापूर दिसलं. आयकॉनवर राइट क्लिक करून क्विट केलं, तर नेटच गेलं. किल स्विच चालू होता. व्हीपीएन तुटलं की सगळं नेट रोखायचं, हेच त्याचं काम. तो बंद केल्यावर आयपी मुंबईचा दिसला. गेमचा लाँचरही मागे चालू राहतो, तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडला, आणि पहिल्याच फटक्यात लॉगिन झालं. तीन रात्री चालू, तीन रात्री बंद असं करून पाहिलं. बंद असताना एकदाही अडलं नाही.

डिस्कनेक्टचं कारणही तेच निघालं. अ‍ॅप आपोआप दुसऱ्या सर्व्हरवर उडी मारत होतं. आयपी बदलला की गेमचं चालू कनेक्शन तुटतं.

बंद करूनही लॉगिन अडलं, तर विंडोजमध्ये जुनी प्रॉक्सी राहिली आहे का बघा. सेटिंग्जमधलं प्रॉक्सीचं पान उघडून हाताने टाकलेला पत्ता आहे का पाहा, आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये ही कमांड द्या:

```
netsh winhttp show proxy
```

`Direct access (no proxy server)` आलं आणि सेटिंग्जचं पानही कोरं असलं, तर प्रॉक्सीवर संशय घेऊ नका.

आता मी स्प्लिट टनेलिंग वापरतो, म्हणजे वगळलेली अ‍ॅप्स व्हीपीएनमधून न जाता थेट नेटवर जातात. आधी फक्त गेमची फाइल वगळली होती, तर लॉगिन तरीही अडलं, कारण लॉगिन लाँचर करतो. दोन्ही वगळल्यापासून दोन महिने व्हीपीएन चालू ठेवूनच खेळतोय.