पेन टॅब्लेटवर काढलेली फ्रिंज : सात महिन्यांचा अनुभव

सांगलीत विश्रामबागेत माझा फोटो स्टुडिओ आहे. शेजारच्या पार्लरमधल्या वहिनी गिऱ्हाईक घेऊन येतात आणि म्हणतात, "दादा, हिला फ्रिंज मारायचीय, पण आधी फोटोत कशी दिसते ते दाखवा की." कपाळावर येणारी ही केसांची झालर फोटोत काढून दाखवण्यासाठी सात महिन्यांपूर्वी मी लहान आकाराचा, बिनस्क्रीनचा पेन टॅब्लेट घेतला. त्याआधी माऊसने प्रयत्न केला होता. माऊसची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची येते, केस मात्र टोकाला निमुळता होतो. फोटोशॉपच्या ब्रशमध्ये Shape Dynamics चालू करून Size Jitter खालच्या Control ला Pen Pressure ठेवलं की हात हलका होईल तशी रेघही बारीक होते. पैसे वसूल झाले ते एवढ्या एका गोष्टीत.

केस काढायला मी दोन-चार दिवसांत शिकलो. खरी अडचण सावलीची होती आणि ती सुटायला तीन महिने गेले.

एका कॉलेजच्या मुलीचा फोटो सांगतो. केस मागे बांधलेले, लाइट डावीकडून वरून, कपाळाच्या मध्यभागी चांगली चमक. मी बटा काढल्या, त्यांच्या खाली, फोटो गडद करणाऱ्या Multiply लेयरवर काळा रंग मारून धूसर केला. बटांच्या फटीतून ती चमक राखाडी डागासारखी दिसायला लागली आणि बाकी कपाळावर काजळी फासल्यासारखं झालं. दोन्ही चुका मुळातल्याच होत्या. कपाळावर केस आले की तिथे लाइट थेट पोचत नाही, मग चमक कुठून राहणार? आणि त्वचेवरची सावली काळी नसते, ती तांबूस तपकिरी असते.

आता मी केसांना हात लावण्याआधी चमक घालवतो. शेजारच्या त्वचेचा रंग उचलून, मऊ ब्रशने, कमी दाबाने. मग नाकाच्या सावलीकडच्या बाजूचा रंग घेऊन दोन वेगळ्या सावल्या काढतो. पहिली रुंद, सगळ्या कपाळावर पसरणारी. चेहरा साधारण १५०० पिक्सेल रुंद असेल तर तिला Gaussian Blur ५० च्या आसपास आणि Opacity ३० टक्के. दुसरी अरुंद, प्रत्येक मोठ्या बटेला लगटून जाणारी, Blur ८ आणि Opacity थोडी जास्त. बट कपाळाला जिथे टेकते तिथे सावली बारीक आणि गडद असते, बट जिथून उचललेली असते तिथे ती फिकट होऊन पसरते. एकाच सावलीत हे दोन्ही साधत नाही. शिवाय लाइट वरून असल्यामुळे टोकांची सावली टोकांच्याही खाली, भुवईवर आणि वरच्या पापणीवर उतरते. ती केसांपाशीच थांबवली की फ्रिंज चेहऱ्यावर चिकटवल्यासारखी वाटते.

भुवयांवर मी सगळ्यात जास्त वेळ देतो. पूर्वी बटा भुवईच्या वर एका रेषेत थांबवायचो, त्यानं टोप घातल्यासारखं दिसायचं. आता भुवई तशीच ठेवून तिच्यावरून बटा नेतो. पाच-सहा बटा भुवई ओलांडून पापणीच्या घडीपर्यंत, काही भुवईच्या मध्यावर संपणाऱ्या, काही आधीच. मधल्या फटींतून भुवई दिसलीच पाहिजे, पण सावलीमुळे थोडी दबलेली. मोठी बट १० पिक्सेलची, तिच्या कडेचे सुटे केस २ पिक्सेलचे. भुवईचे केस आडवे असतात आणि बटा उभ्या, त्यामुळे दोघींचा रंग एकच असला तरी डोळ्याला फरक कळतो. शंका आली की फोटो आडवा उलटवून बघतो, बटा एका बाजूला कलल्या असतील तर लगेच कळतं.

मुळांचं वहिनींनी शिकवलं. पार्लरमध्ये फ्रिंजचे केस कपाळाच्या कडेवरून घेत नाहीत, थोडं मागे डोक्यावरून त्रिकोणी भाग काढून पुढे घेतात. म्हणून बटांची सुरुवात मीही केसांच्या आतून करतो आणि केसांची मूळ रेषा झाकतो.

टॅब्लेटबद्दल तक्रार म्हणाल तर पेनाची निब चार महिन्यांत तिरकी झिजली, दाब नीट लागेना. बदलल्यावर ठीक झालं. आठ बाय बाराची पहिली प्रिंट स्क्रीनपेक्षा बरीच गडद आली, तेव्हापासून प्रिंटला द्यायच्या फाइलमध्ये रुंद सावली २० टक्क्यांवर ठेवतो.

थेट फ्लॅशवर काढलेल्या फोटोला मी नाही म्हणतो, कारण त्यात चेहऱ्यावर मऊ सावलीच नसते आणि कपाळावर काढलेली तेवढी एकटी पडते. आणि कपाळाजवळ भोवरा असेल तर खरी फ्रिंज तिथून फाकते, फोटोत ते दिसत नाही. म्हणून आता फोटो दाखवण्याआधी वहिनी केस ओले करून भोवरा तपासतात, आणि मी त्या जागी तेवढी फट ठेवतो.