स्लाइडमागे दर, की मांडणीचे वेगळे पैसे?

डेक करून द्यायचं काम घेताय म्हणजे हात पॉवरपॉइंटवर बसलेला आहे, असं धरून चालतो. अडतं ते कोटेशनपाशी. सरसकट स्लाइडमागे दर सांगायचा, की मांडणीचे, म्हणजे गोष्ट रचण्याचे, पैसे वेगळे लावून स्लाइडचा दर थोडा उतरवायचा? मी दोन्ही करून पाहिलंय. माझी गिऱ्हाइकं म्हणजे पणजी-पर्वरीकडचे स्टार्टअप आणि हॉटेलांना सल्ला देणारे कन्सल्टंट.

कन्सल्टंटच्या कामाला स्लाइडमागे दर बरा पडतो. त्यांचा मथळा बहुधा पूर्ण वाक्यात लिहून येतो, आकडे एक्सेलमध्ये असतात, आणि कुठल्या पानावर काय हे त्यांनी कागदावर पेनाने आखलेलं असतं. म्हणजे गोष्ट त्यांची, आपण ती नीट बसवायची. फक्त दर एकच ठेवू नका. मजकुराची स्लाइड, चार्टची स्लाइड आणि नव्याने काढायची आकृती यांना लागणारा वेळ सारखा नसतो, तेव्हा तीन दर असलेले बरे.

स्टार्टअपकडे मात्र हा दर मला नकोसा झाला. आकडा ऐकला की फाउंडर स्लाइड वाचवायला लागतो. होमस्टेंसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एकाने बाजारपेठ, स्पर्धक आणि कमाई कशी होणार, हे तिन्ही एकाच स्लाइडवर कोंबून पाठवलं होतं. अक्षर इतकं बारीक की लॅपटॉपवरही डोळे ताणावे लागत. गुंतवणूकदार तिथेच अडखळणार हे दिसत होतं, पण ‘याच्या तीन करूया’ म्हटलं की समोरच्याच्या मनात पहिला विचार येतो, दोन स्लाइडचे पैसे वाढवतोय. उलट काही काढून टाका म्हटलं तर कमी होतात ते आपलेच पैसे. खरा सल्ला द्यावा तर तो एकतर विक्री वाटतो, नाहीतर आपल्याच खिशाला लागतो. माझ्यापुरता निकाल या एका गोष्टीने लागला.

त्याच डेकचा हिशेब बघा. दर समजण्यापुरते धरलेत. आल्या होत्या 22 स्लाइड. ॲपच्या स्क्रीनच्या सात होत्या, त्यांच्या दोन केल्या. गोव्यात पर्यटक किती येतात हे सांगणाऱ्या चार होत्या, त्यांची एक उरली. सल्लागारांच्या फोटोंच्या दोन गेल्या. कोंबलेल्या एकीच्या तीन झाल्या. उरल्या 14. स्लाइडला 900 धरले तर 22 चे 19,800 होतात आणि 14 चे 12,600, म्हणजे डेक सुधारल्याबद्दल 7,200 चा फटका. तेच मांडणीचे 10,000 आणि स्लाइडला 700 धरले तर 14 स्लाइडसकट बेरीज पुन्हा 19,800 वर येते. आता दोन स्लाइड कमी-जास्त झाल्या तरी 1,400 चाच फरक, त्यामुळे त्यावरून कोणी घासाघीस करत नाही.

या पद्धतीलाही खोट आहे. ‘नुसते मथळे लिहायचे दहा हजार?’ हे ऐकावं लागतं, आणि विचारणाऱ्याचं फार चुकतंही नाही, कारण त्याला हातात काही दिसत नसतं. म्हणून मी आधी एक साधं वर्ड डॉक्युमेंट देतो. प्रत्येक स्लाइडचा मथळा पूर्ण वाक्यात, आणि खाली पुरावा म्हणून कुठला आकडा किंवा चित्र येणार ते. ‘बाजारपेठ’ हा मथळा नव्हे. ‘लहान होमस्टेवाले अजून बुकिंग वहीत लिहितात’ हा मथळा. मग फाउंडरला फक्त मथळे ओळीने मोठ्याने वाचायला सांगतो. वाचताना तो जिथे थांबून ‘म्हणजे काय, की…’ असं सांगू लागतो, तिथे एक स्लाइड राहिलेली असते. जिथे दोन मथळे एकच गोष्ट सांगतात, तिथली एक जाते. दोन फेऱ्यांत ही यादी पक्की होते. तोवर पॉवरपॉइंट उघडायचं नाही, आणि नंतर क्रम बदलायचा असेल तर मांडणीचे पैसे पुन्हा लागतील, हे कोटेशनमध्येच लिहायचं.

यादी घेऊन गिऱ्हाईक स्वस्तातल्या डिझायनरकडे जातं का? जातं कधीकधी. पण यादीचे पैसे आधीच मिळालेले असतात, तेव्हा मला ते फारसं झोंबत नाही. तुम्ही नुकतेच सुरू केलं असेल आणि हातात दाखवायला काम नसेल, तर पहिली काही कामं स्लाइडमागे दर लावून घेणं कदाचित सोपं जाईल. मांडणीचे पैसे मागायला आधीची अशी एखादी यादी समोर ठेवता आली पाहिजे.

कुठलीही पद्धत घ्या, डेक मेलने जाणार की समोर उभं राहून दाखवणार, हे दर सांगण्याआधी विचारा. मेलने जाणाऱ्या स्लाइडवर बोलणाऱ्याची वाक्यंही लिहावी लागतात. दोन्ही हवं असेल तर ती दोन डेक धरावी लागतात. मांडणीचे पैसे एकदाच, स्लाइडचे मात्र दोन्हींचे.