हर्नियाची शस्त्रक्रिया: पॅकेज दर की बाबनिहाय अंदाजपत्रक?

जाळी बसवून करावयाच्या हर्नियाच्या नियोजित शस्त्रक्रियेसाठी एका रुग्णालयाने पॅकेज सांगितले आणि दुसऱ्याने बाबनिहाय अंदाज दिला, तर केवळ शेवटचे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. पॅकेजमध्ये सहसा शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, ठरावीक दिवसांची खोली आणि नेहमीची औषधे धरलेली असतात; परंतु जाळी व ती बसवण्याचे टाके पुष्कळदा वेगळे लावले जातात, आणि स्वस्त वाटणारे पॅकेज नेमके तिथेच महाग पडते. म्हणून जाळीचा प्रकार आणि तिची किंमत लेखी मागावी.

बाबनिहाय अंदाजात जाळी दिसते, मात्र औषधे व वापरून टाकायचे साहित्य 'प्रत्यक्ष वापरानुसार' एवढ्यावरच सोडलेले असते. तिथे अशा अलीकडच्या शस्त्रक्रियांत या बाबींचे बिल साधारण किती झाले, हे बिलिंग विभागाला विचारावे.

समजा, पॅकेज दोन दिवसांचे आहे आणि मुक्काम तीन दिवसांचा झाला, तर तिसऱ्या दिवसाची खोली, शुश्रूषा व डॉक्टरांच्या भेटी पॅकेजमध्ये मिळवूनच तुलना करावी. गुंतागुंतीचा खर्च मात्र दोन्हींकडे बहुधा बाहेरच राहतो. माझा कल, जाळीसह लेखी पॅकेज मिळत असेल तर, त्याकडेच आहे.