आठ महिने चॅट बॅकअप वापरल्यावर: तो अडकतो कुठे?

आजीचे व्हॉइस मेसेज जपायचे म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा रोजचा बॅकअप सुरू केला. पहिले पाच महिने बिनघोर गेले. मग एक दिवस सहज Chat backup उघडलं, तर शेवटच्या बॅकअपची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची! एकही सूचना माझ्या लक्षात आली नव्हती. तेव्हापासून दर रविवारी मी ती तारीख बघते.

कारण आधी घरातच सापडलं. बॅकअप फक्त वायफायवर ठेवला होता. आपोआप होणारा बॅकअप रात्री चालतो आणि आमच्याकडे झोपताना राउटरचं बटण बंद करायची सवय लागली होती. आता राउटर रात्रभर चालू असतो.

तरी काम झालं नाही. सकाळी हाताने Back up दाबलं. आकडा 1.9 जीबीपर्यंत गेला आणि तिथेच थबकला. एकूण होते 6.8 जीबी. वायफायवर शंका आली म्हणून बहिणीच्या फोनचं हॉटस्पॉट जोडून पाहिलं, तरी आकडा जागचा हलेना. म्हणजे दोष नेटचा नव्हता. हॉटस्पॉटवर तो पुढे सरकला असता, तर राउटरकडेच बघितलं असतं.

मग खात्यातली जागा पाहिली. गूगलची फुकट 15 जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. पूर्वी अँड्रॉइडवरचा चॅट बॅकअप त्यात धरत नसत, 2024 पासून धरू लागले. माझ्या खात्यात 14.3 जीबी भरलेले होते. जुने फोटो उडवले, पण आकडा तसाच! उडवलेलं कचरापेटीत पडून राहतं आणि तिथेही जागा अडवतं. तिन्हीकडच्या पेट्या रिकाम्या केल्या तेव्हा चार जीबी सुटले. तेवढ्यात 6.8 कुठून मावणार? Include videos बंद केलं. बॅकअप 2.1 जीबीवर आला आणि चाळीस मिनिटांत पूर्ण झाला. व्हिडिओ आता महिन्याला लॅपटॉपवर उतरवते. खटाटोप आहे, पण लग्नाचे व्हिडिओ हवे असतील तर एवढं करावंच लागतं.

एक गोष्ट मात्र आधीच बघायला हवी होती. माझ्या फोनवर दोन गूगल खाती आहेत, एक ऑफिसचं आणि एक घरचं. Google Account या ओळीखाली ऑफिसचा पत्ता निघाला असता तर नोकरी सोडताना बॅकअपही हातचा गेला असता. नशिबाने घरचाच होता. नव्या फोनवर चॅट परत आणायचं तर तेच खातं आणि तोच मोबाईल नंबर लागतो. बॅकअपला पासवर्डचं कुलूप लावलं असेल तर तो पासवर्डही. माझा मी वहीत लिहून आईच्या कपाटात ठेवलाय.