रोजचा संध्याकाळचा कॉल की लेखी हस्तांतर: तीन शहरांत विखुरलेल्या टीमसाठी काय निवडावे

प्रकरण असे आहे. नऊ जणांची एक सॉफ्टवेअर टीम आहे, त्यांतले पाच पुण्यात, दोघे पोलंडमधील क्राकूव्हमध्ये आणि दोघे शिकागोत. काम एकच असल्यामुळे एकाचा निर्णय दुसऱ्याच्या कामात उतरतो. अशा टीमच्या प्रमुखापुढे साधारण दोन मार्ग असतात. पहिल्यात सगळे रोज एका वेळी कॉलवर भेटतात, तर दुसऱ्यात प्रत्येक शहर दिवस संपवताना पुढच्या शहरासाठी लेखी हस्तांतर ठेवते आणि कॉल आठवड्यातून एकदाच होतो. मी अशी टीम पहिल्या पद्धतीने सुमारे दीड वर्ष चालवली आणि मग दुसरीकडे वळलो, त्यामुळे पुढील मत पूर्णपणे तटस्थ आहे असे मी म्हणणार नाही.

रोजच्या कॉलच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. नवा माणूस टीममध्ये आला की चेहरे आणि आवाज ओळखीचे व्हायला कॉलइतके सोपे साधन नाही. दोघांत मतभेद झाला तर लेखी उत्तरांत तीन दिवस घालवण्यापेक्षा दहा मिनिटांचे बोलणे बरे असते. टीम फक्त पुणे आणि क्राकूव्ह इतकीच असती तर मी आजही रोजचा कॉलच ठेवला असता, कारण पुण्यात दुपारचे दोन वाजतात तेव्हा तिकडे उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ वाजलेले असतात आणि कोणालाच काही सोडावे लागत नाही.

शिकागो आले की हिशोब बदलतो. तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात, कारण आपले घड्याळ वर्षभर स्थिर राहते आणि त्यांचे हलते. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे नेते, युरोप मात्र शेवटच्या रविवारी. त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे क्राकूव्हचा तीनचा कॉल दोनवर येतो आणि दरवर्षी कोणीतरी तासभर उशिरा हजर होतो. हा त्रास कॅलेंडरमध्ये आधी नोंद करून टाळता येतो, म्हणून त्याला मी फार महत्त्व देत नाही.

माझा निर्णय ज्याने फिरवला ती गोष्ट वेगळीच होती. संध्याकाळच्या कॉलवर पुण्याकडील शांतता संमती समजली जात असे. एका उन्हाळ्यात शिकागोतील सहकाऱ्याने डेटाबेसमधील एका रकान्याचे नाव बदलण्याचा प्रस्ताव मांडला आणि शेवटी कोणाची काही हरकत आहे का, असे विचारले. कोणी काही बोलले नाही, आणि बदल मंजूर झाल्याचे गृहीत धरले गेले. त्यांच्या दुपारी तीन वाजता, म्हणजे आपल्या रात्री दीड वाजता, तो लागू झाला. दोन वाजता आपला हिशोबाचा अहवाल तयार करणारा प्रोग्राम सुरू झाला, त्याला जुन्या नावाचा रकाना सापडला नाही, आणि सकाळी लेखा विभागाच्या हाती रिकामा अहवाल पडला.

तो प्रोग्राम सांभाळणारी आमची सहकारी त्या कॉलवर होती. नंतर मी रेकॉर्डिंग पाहिले तेव्हा तिच्या नावापुढचे माइकचे चिन्ह दोनदा उघडून बंद झालेले दिसले. विचारल्यावर ती म्हणाली, “सर, दोघे सलग बोलत होते, मध्ये कसे पडायचे? आणि सात वाजून गेले होते, मुलगा शेजारच्या काकूंकडे होता.” तिच्याकडे माहिती होती आणि बोलण्याची इच्छाही होती, ज्या रचनेत ती बोलू शकली नाही ती मी उभी केली होती, आणि याचे मला आजही वाईट वाटते. विखुरलेल्या गटांवरील 2001 च्या अभ्यासात कॅथरिन क्रॅमटन यांनी शांततेचा अर्थ लावता न येणे ही अशा गटांची एक मूळ अडचण म्हणून नोंदवली आहे, आणि ती रात्र मला त्या नोंदीचे उदाहरण वाटते.

लेखी पद्धतीकडे वळताना म्हणूनच मी पहिला नियम शांततेविषयी केला. प्रस्ताव मांडणारा तीन नावे लिहितो, प्रत्येक शहरातून एक, आणि कामाच्या दोन दिवसांत त्या तिघांनी ‘संमत’, ‘हरकत’ किंवा ‘पाहिले, माझा संबंध नाही’ यांपैकी काहीतरी लिहायचेच असते. उत्तर आले नाही तर ते होकार धरले जात नाही. प्रस्ताव मांडणाऱ्याने फोन करायचा असतो. दुसरा नियम हस्तांतराचा. त्यात चारच ओळी असतात: काय झाले, काय अडले, कोणाकडून काय हवे, आणि मी काय गृहीत धरले आहे. या चौथ्या ओळीवर माझा सर्वांत जास्त भर असतो, कारण चुका बहुधा तिथेच उघड होतात. काही महिन्यांनी जवळजवळ तसाच बदल पुन्हा आला तेव्हा शिकागोच्या चौथ्या ओळीत “हा तक्ता रात्री कोणी वाचत नाही” असे लिहिले होते, आणि त्याच सहकारीने सकाळी दहा वाजता शांतपणे दोन प्रोग्रामची नावे खाली लिहिली. बदल दोन दिवस पुढे गेला, एवढेच.

तिसरा नियम वरवर किरकोळ वाटेल. नुसते “हॅलो, आहेस का?” असे पाठवायचे नाही. पुण्यातून अकरा वाजता असा निरोप गेला तर शिकागोत उन्हाळ्यात रात्रीचा साडेबारा झालेला असतो. त्याचे “हो, बोल” संध्याकाळी साडेसहाला येते, तोवर विचारणारा घरी निघालेला असतो, आणि खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी पोहोचतो. प्रश्न, संदर्भ आणि उत्तर केव्हापर्यंत हवे हे एकाच निरोपात आले तर तो दिवस वाचतो. खरोखर तातडीचे असेल तर फोन करायचा, गप्पांच्या खिडकीत वाट पाहायची नाही.

लेखी पद्धतीचे दोषही सांगितले पाहिजेत. थोडक्यात लिहिलेले वाक्य वाचणाऱ्याला तुटक वाटते. क्राकूव्हच्या सहकाऱ्याचे “हे चुकीचे आहे” आमच्याकडे दोन दिवस मनाला लागून राहिले होते, त्याचा तसा हेतू नसतानाही. शिवाय हस्तांतर लवकरच उपचार बनू शकते. त्याची खूण माझ्या मते अशी, की तिसरी आणि चौथी ओळ सलग आठवडाभर रिकामी राहू लागते. नऊ माणसांच्या कामात कोणाकडून काहीच नको असे सहसा होत नाही, तेव्हा मी त्या आठवड्यात प्रत्येकाशी वेगळे बोलतो.

कॉल गेला की विश्वास जाईल, ही भीती मलाही होती. यार्वेनपा आणि लाइडनर यांच्या 1999 च्या अभ्यासात मात्र सुरुवातीच्या गप्पागोष्टींनी आलेला विश्वास पुढे टिकेलच असे दिसले नाही. नियमित संवाद आणि वेळेवर आलेली भरीव उत्तरे ज्या गटांत होती तिथे तो टिकला. माझा अनुभव याच्या जवळ जातो. शिकागोचे हस्तांतर सकाळी उघडताच सापडेल ही खात्री पुण्यात रुजली, तसे “ते आपल्याला काही कळवत नाहीत” हे वाक्य ऐकू येईनासे झाले. मी मोजमाप केलेले नाही, कानावर पडले ते सांगतो.

आठवड्याचा कॉल मी सोडलेला नाही, त्याची वेळ तेवढी फिरवली आहे. उन्हाळ्यात एका आठवड्यात तो पुण्याच्या पाचला असतो, म्हणजे शिकागोला साडेसहाला उठून बसावे लागते. पुढच्या आठवड्यात पुण्याच्या सातला, म्हणजे आम्ही थांबतो. क्राकूव्ह दोन्ही वेळा दुपारीच येते, आणि याहून समान वाटणी तीन शहरांत मला तरी जमलेली नाही. तुमची टीम अगदी नवी असेल किंवा काम रोज आणीबाणीचे असेल तर पहिले दीड-दोन महिने रोजचा कॉल जरूर ठेवावा. पण त्या काळातही संमती लेखी घेण्याचा नियम पहिल्या दिवसापासून लावावा, असे मी सुचवेन, आणि एखादे रेकॉर्डिंग आवाज बंद करून पाहावे: कोणाचा माइक उघडून पुन्हा बंद होतो, तेवढेच.