वसुली अठ्ठ्याण्णव टक्के, बँकेत बारा हजार

शेजारच्या सोसायटीचा वार्षिक हिशेब माझ्या टेबलावर आला तेव्हा त्यात काहीच चुकीचं दिसत नव्हतं, आणि खटकलं ते तेच. ३२ फ्लॅट, दरमहा २,५०० रुपये मेंटेनन्स, म्हणजे वर्षाची आकारणी ९,६०,०००. त्यातले ९,४२,५०० वसूल, येणे बाकी फक्त १७,५००. इतकी वसुली आमच्या जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींना कधी घरपट्टीचीही जमली नाही. आणि त्याच सोसायटीने पाण्याच्या टाकीसाठी प्रत्येक फ्लॅटमागे ६,००० रुपये जादा मागितले होते. कारण काय, तर म्हणे थकबाकीदारांमुळे पैसा नाही.

मी नाशिकला जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेत कारकून होतो. हयात खतावण्या जुळवण्यात गेली. अण्णा आमच्या भिंतीपलीकडच्या सोसायटीत राहतात. जुने खजिनदार मुलाकडे पुण्याला गेले म्हणून हे पद त्यांच्या गळ्यात पडलं. चार्ज घेतल्याच्या कागदावर सही करायच्या आधी त्यांनी फाइली माझ्याकडे आणल्या. "भाऊसाहेब, जरा नजर टाका. वसुली एवढी आहे तर लिफ्टवाल्याचं बिल तीन महिने का थकलंय?"

प्रश्न बरोबर होता.

मी आधी खतावणी उघडलीच नाही. बँक जुळवणी पत्रक काढलं. सोसायटीच्या किर्दीप्रमाणे ३१ मार्चला बँकेत १,४७,३०० रुपये होते आणि पासबुकात १२,३००. मधल्या १,३५,००० चा खुलासा एका ओळीत उरकला होता: 'जमा केलेले पण न वटलेले धनादेश'. खाली यादी नाही, नंबर नाही, तारीख नाही, कुठल्या फ्लॅटचा चेक तेही नाही. आमच्या शाखेत अशी ओळ लिहिणाऱ्याला साहेबांनी जुळवणी पत्रक तोंडावर परत दिलं असतं. न वटलेला धनादेश म्हणजे हवेतला आकडा नव्हे. प्रत्येकाचा नंबर असतो, तो भरल्याची स्लिप असते. आणि हल्ली चेक वटायला लागतात किती दिवस? फार तर एक-दोन. सुट्ट्या धरल्या तरी ३१ मार्चचे चेक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खात्यात दिसायलाच हवेत.

म्हणून अण्णांना एप्रिलचं बँक स्टेटमेंट आणायला सांगितलं. लेखापरीक्षकाने तेवढंच मागितलं नव्हतं. त्याने ३१ मार्चचा पासबुकातला आकडा पाहिला, जुळवणी पत्रकाची बेरीज पाहिली, हिरवी टिक मारली. एप्रिलमध्ये वटलेले चेक निघाले दोन. पाच हजार रुपये. उरलेले १,३०,००० मेमध्ये नाहीत, जूनमध्येही नाहीत.

आता पैसे बँकेत आलेच नाहीत, तर सभासदांच्या खात्यावर ते जमा कसे? यासाठी पावती नोंदवही आणि बँक स्टेटमेंट शेजारी ठेवून एकेक ओळ लावावी लागली. दर नोंदीला बँकेत जोडीदार सापडला की पेन्सिलची टिक, नाही सापडला की गोल. कॉम्प्युटरवर हे झटकन होतं असं माझ्या नातवाचं म्हणणं. त्याने संदर्भ क्रमांकांवर 'दुबार नोंदी शोधा' करून पाहिलंही. एकही निघाली नाही. का, ते कागदावर कळलं.

ऑगस्टचं पान घ्या. फ्लॅट १४ ने ६ तारखेला यूपीआयने २,५०० भरले. बँकेत ते आले, १४ च्या खात्यावर जमा झाले, सगळं ठीक. ९ तारखेला फ्लॅट ३ च्या खात्यावर २,५०० जमा, तेही यूपीआयने. बँकेत मात्र ९ तारखेला काही नाही. मी दोन्ही संदर्भ क्रमांक मोठ्याने वाचले. बारा अंक, दोन्ही तेच. दुसऱ्याच्या शेवटी फक्त एक टिंब होतं. त्या टिंबामुळे यंत्राला तो वेगळा क्रमांक वाटत होता. कुठे टिंब, कुठे मधे एक जागा सोडलेली, कुठे पुढे एक शून्य. एकच भरणा दोन घरांच्या नावे मोजला होता.

अशा ५४ जोड्या निघाल्या. त्यातल्या दोन खऱ्या चुका होत्या, चुकीच्या फ्लॅटला टाकून पुढच्या महिन्यात उलट नोंद केलेल्या. त्या मी वेगळ्या काढल्या; सगळंच चोराच्या नावावर घालायची घाई करू नये. उरल्या ५२. बावन्न गुणिले अडीच हजार, एक लाख तीस हजार. जुळवणी पत्रकातलं भोक इंच न् इंच भरलं.

आणि या ५२ नोंदी सहाच फ्लॅटच्या खात्यांवर होत्या. सहाही घरी म्हातारी माणसं, मेंटेनन्स रोख देणारी.

फ्लॅट ३ च्या आजींकडे आम्ही गेलो. अण्णांनी विचारलं, "आजी, पैसे कसे देता?" आजी म्हणाल्या, "कसे म्हणजे? पेन्शन आली की पहिल्या आठवड्यात त्या मॅनेजरच्या हातात मोजून." त्यांनी पावत्या तारेला खोचून ठेवल्या होत्या. प्रत्येक महिन्याच्या दोन. एक दुकानात मिळणाऱ्या पावतीपुस्तकातली, हाताने लिहिलेली, 'रोख मिळाले'. दुसरी सोसायटीची छापील, आठवड्याने आलेली, तिच्यावर 'भरणा प्रकार: यूपीआय'. आजींचा फोन खाटेवर पडला होता, बटणांचा, पाठीला रबर लावून बॅटरी धरून ठेवलेला. यूपीआय हा शब्द त्यांनी आमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

चोरीची रीत यावरून उलगडली. मॅनेजर म्हणजे कमिटीने दीड वर्षापूर्वी ठेवलेला अर्धवेळ माणूस. वसुलीही तोच करायचा, पावत्याही तोच फाडायचा, वह्याही तोच लिहायचा आणि बँक जुळवणीही त्याचीच. आजींची रोख त्याने नुसती खिशात घातली असती तर त्या थकबाकीदारांच्या यादीत आल्या असत्या आणि पहिल्या नोटिशीलाच जिना दणाणून सोडला असता. म्हणून त्यांचं खातं निरंक दाखवणं भाग होतं. त्यासाठी दुसऱ्याचा खरा, बँकेत आलेला भरणा त्याने पुन्हा एकदा वापरला. १४ नंबरवाल्याची तक्रार नाही, आजींची नाही, वसुलीचा आकडा झकास. फक्त बँकेतला पैसा कमी. ती कमतरता 'न वटलेल्या धनादेशां'त दडवली, आणि टाकीसाठी ३२ घरांकडून ६,००० प्रमाणे १,९२,००० घेतले. चोरीची भरपाई बिनबोभाट सभासदांनीच केली.

मॅनेजरला कमिटीपुढे बोलावलं. "सॉफ्टवेअर बदललं ना, तेव्हा एंट्र्या डबल झाल्या," तो म्हणाला. मी विचारलं, "मग त्या सॉफ्टवेअरला कोण रोख देतं हे कसं कळलं?" त्यावर त्याला अचानक फोन आला. दोन दिवसांनी त्याने ४०,००० चा चेक पाठवला, सोबत चिठ्ठी, की चूक नसताना केवळ संबंध राहावेत म्हणून देतोय. अण्णांनी चिठ्ठी फाइलला लावली, चेक भरला आणि पोच देताना 'हिशेबापोटी, हक्क राखून' असं लिहिलं. हे मीच सुचवलं होतं. रक्कम मिळाली की 'मिटलं' असं लिहून घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

खरा वाद पुढे झाला, आणि माझं डोकं तिथे जास्त तापलं. कमिटीतल्या एका गृहस्थांनी सुचवलं, त्या सहा घरांच्या ५२ जमा नोंदी उलटवा. पैसे सोसायटीला मिळालेच नाहीत तर ते थकबाकीदारच ठरतात. वर २१ टक्क्यांनी व्याज लावा. कागदावर पटण्यासारखं दिसतं, पण आहे साफ चूक. सोसायटीने नेमलेल्या माणसाने सोसायटीच्या नावाने पैसे घेतले आणि सोसायटीची छापील पावती दिली. सभासदाच्या बाजूने भरणा तिथे संपला. तोटा सोसायटीचा, आणि वसुली त्या माणसाकडून. म्हणून मी जी नोंद लिहून दिली ती दोन ओळींची: 'मॅनेजरकडून येणे' नावे १,३०,०००, बँक खाते जमा १,३०,०००. आजींच्या खात्याला हातही लावायचा नाही. तुमच्याकडे असं काही उघडकीला आलं तर रोख देणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पावत्यांचे फोटो आधी काढून घ्या, कारण पहिला घाव त्यांच्यावरच पडतो.

अण्णा खजिनदार होते म्हणून मला सगळी दप्तरं पाहता आली. साध्या सभासदाला तसं होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे तो शेवटचा तपासलेला ताळेबंद, सभांची इतिवृत्तं आणि पुस्तकांतला स्वतःच्या व्यवहारांचा भाग विनामूल्य पाहू शकतो. शेजाऱ्याची खतावणी मागितली तर 'नाही' ऐकावं लागेल. पण तेवढंही कमी नाही. छापील पावतीवरचा भरणा प्रकार आणि आपण खरोखर दिलेला प्रकार एकच आहे का, हे घरबसल्या पाहता येतं. आणि ३० सप्टेंबरच्या आत व्हायच्या वार्षिक सभेत उठून '३१ मार्चच्या न वटलेल्या धनादेशांची नंबरवार यादी वाचून दाखवा' एवढं म्हणता येतं. प्रामाणिक खजिनदाराला ती यादी द्यायला पाच मिनिटं पुरतात.

सोसायटीने उपनिबंधकांकडे अर्ज दिला आहे, चाचणी लेखापरीक्षण आणि कलम ८३ खाली चौकशी मागितली आहे. जबाबदारी निश्चित होऊन पुढे वसुली कधी होईल ते सांगवत नाही. सरकारी टेबलाचा वेग मला ठाऊक आहे, मी त्याच टेबलावर बसायचो. एप्रिल ते जूनमधल्या आणखी ११ दुबार नोंदी सापडल्या, त्या पुरवणी अर्जात घातल्या. पावती आणि जुळवणी आता एका हातात नाही.

तो मॅनेजर याच रस्त्यावरच्या आणखी दोन सोसायट्यांचे हिशेब लिहितो. अण्णांनी दोघांच्याही सेक्रेटरींना सांगितलं. एक त्याच संध्याकाळी जुळवणी पत्रक घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्याकडे 'न वटलेले' ६२,५०० निघाले, यादी नाही. दुसऱ्यांनी अण्णांना चहा पाजला आणि म्हणाले, "आमच्याकडे तसं काही नाही हो, आमची वसुली शंभर टक्के आहे."